मोराची मान आणि पिन केलेली कमेंट

वडिलांचा मागावर चादर विणतानाचा व्हिडिओ मी टाकला आणि तासाभरात खाली कमेंटमध्ये भांडण जुंपलं. खरी सोलापुरी चादर कोणती आणि नकली कोणती, यावरच सगळे हमरीतुमरीवर आले होते. जन्मभर चादरी विणलेल्या माणसाबद्दल कुणी एक अक्षरही लिहीत नव्हतं.

मी "आवडल्यास शेअर करा" अशी कमेंट लिहून ती वर पिन करणार होते. शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "ते कोण वाचतंय? व्हिडिओत न आलेलं काहीतरी सांग की. आणि कुणालाही उत्तर देता येईल असा प्रश्न विचार."

मी वडिलांना विचारलं, "नाना, सांगायचं काय राहिलं?"

"माझी पहिली चादर," ते हसले. "मागाला नक्षी सांगणारं भोकांचं एक कार्ड चुकीचं लागलं आणि विणलेल्या मोराची मानच तुटली. कारखान्याच्या मालकानं ती विकायला घेतली नाही. तुझ्या आईनं तुझ्या पाळण्यात अंथरली."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी आधीचं खोडून नव्यानं लिहिलं आणि तेच वर पिन केलं: "नानांच्या पहिल्या चादरीतल्या मोराची मान तुटली होती. त्याच चादरीवर मी वाढले. व्हिडिओत नक्षीची कार्डं दिसतात, तिथं पुन्हा बघा. तुमच्या घरातली सर्वांत जुनी चादर कुणी दिली?"

संध्याकाळपर्यंत भांडणाच्या कमेंट पार खाली गेल्या. लोक आजीच्या, आत्याच्या, रुखवतातल्या चादरींबद्दल लिहू लागले. होटगीच्या एका बाईंनी लिहिलं, "माझे वडील यांच्याच शेजारच्या मागावर होते. दोघं डबा वाटून खायचे."

नानांनी ते दोनदा वाचायला लावलं. त्या अनोळखी बाईंचे आणि माझ्या बहिणीचे आभार मी कसे मानू?