तीस दिवस

आमचं घर मूळ विणकरांचं. भारी लुगडं मलमलीत गुंडाळून, कापूर घालून लोखंडी पेटीत ठेवायचं आणि सणाशिवाय हात लावायचा नाही, ही घरची शिस्त. मी भंडाऱ्यात फोटो स्टुडिओ टाकला, पण खोड तीच राहिली.

गोसीखुर्दचं पाणी चढण्याआधी धरणात जाणाऱ्या एका गावातलं घरन् घर मी टिपलं होतं. प्रत्येक दारात घरची माणसं उभी. कुठल्या घराच्या फोटोत काय आहे, याची यादी मी कॉम्प्युटरवर लिहून ठेवली होती. सगळे फोटो एका एक्स्टर्नल ड्राइव्हवर होते. पुढे कॉम्प्युटरसाठी ऑनलाइन बॅकअपची योजना घेतली. बाहेरची ड्राइव्हही तिच्यात येते हे वाचलं, फोटो चढवले, आणि ड्राइव्ह मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवली. शहाणा ना मी!

पुढची ओळ मी वाचलीच नव्हती. बाहेरची ड्राइव्ह तीस दिवसांत एकदाही जोडली नाही, तर तिच्यावरच्या फाइली तुम्ही काढून टाकल्या असं कंपनी धरते. काढून टाकलेल्या फाइली आणखी तीस दिवस राहतात, मग कायमच्या जातात. वर्षभर ठेवणारी योजनाही होती. मी साधी घेतली. इशाऱ्याचे मेल आले होते, मी जाहिराती समजून उघडलेच नाहीत.

दोन वर्षांनी त्या गावचे एक काका पुनर्वसनाच्या वसाहतीतून आले. बायको नुकतीच गेली होती.

"घर त पाण्यात गेलं, भाऊ. तिचा एकच फोटू हाय, तुह्याकडचा. तेवढा काढून दे मले."

"आत्ता देतो, काका," मी म्हणालो.

पेटीतून काढलेली ड्राइव्ह जोडली तर उघडेचना, नुसती टकटक करत राहिली. बॅकअप उघडला तर तिच्या नावापुढे काहीच नव्हतं. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानेही पुढे हात टेकले.

बॅकअपमध्ये फोटोंची यादी मात्र शाबूत होती. ती कॉम्प्युटरवरच होती, आणि योजनेत प्रत्येक फाइलच्या शेवटच्या दहा आवृत्त्या राहत. यादीत केलेल्या दर बदलाची एक, अशा दहा याद्या. फोटो एकही नाही.

काका पुन्हा आले तेव्हा त्यांना खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "यादीत काय लिवलं हाय, वाचून त दाखव."

मी त्यांच्या घराची नोंद वाचली, "घर एकेचाळीस. दारात बाई. हिरवं लुगडं, हातात सूप."

"आन्?"

"एवढंच."

"हासून राहिली होती का रे ते?"

मी दहाही आवृत्त्या उघडून पाहिल्या. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.