कपाटाची किल्ली कुणाकडे होती

जानेवारी २००७. वाचनालयात नवीन पुस्तकांचं खोकं आलंय आणि मी त्यांना खाकी कव्हरं घालत बसले आहे. कव्हर घालायचं, आतल्या पानाला कार्डाचा खिसा चिकटवायचा, कण्यावर नंबर लिहायचा. हात चालू असले की माझं डोकं बरं चालतं. म्हणून आजच लिहून टाकते. हे मी आजवर एका व्यक्तीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही.

थोडंसं तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही कसबा बावड्याचे असाल तर. वाचनालयाच्या उद्घाटनाला मी काय बोलले ते गावभर झालं. लोक अजून रस्त्यात थांबवून म्हणतात, बाई, काय बोललासा त्या दिवशी! मी मान हलवते आणि पुढे जाते. कारण त्या दिवशी मी निम्मंच बोलले. निम्मं बोलून पूर्ण टाळ्या घेतल्या. याला काय म्हणायचं?

पहिल्यापासून सांगते.

मी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवायचे. १९९१ च्या सुमारास शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे आलं. ग्रंथालय म्हणजे काय, स्टाफरूमच्या बाहेर व्हरांड्यात काचेची तीन कपाटं. वर्षाअखेरीला पुस्तकांची मोजणी व्हायची. एखादं कमी भरलं तर ते ज्या शिक्षकाकडे ग्रंथालय, त्यानं भरून द्यायचं. आमच्याकडेच नव्हे, बहुतेक शाळांत हीच रीत होती. मग शिक्षक काय करणार? पुस्तक द्यायचंच नाही. कपाटात असलेलं पुस्तक हरवत नाही. माझ्या काळात एकही पुस्तक गेलं नाही, आणि निरोप समारंभात याच गोष्टीसाठी माझं कौतुक झालं. ग्रंथालय उत्तम सांभाळलं म्हणून! हसू येतंय ना? मला तेव्हा आलं नव्हतं.

त्या वर्षी सातवीत शमीम बागवान नावाची मुलगी होती. वडिलांचा फळांचा गाडा. मधल्या सुट्टीत ती कपाटाशी उभी राहायची आणि काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचायची. वाचून संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्याकडे यायची. "बाई, एक द्या की. उद्या आणून देते." मी सांगायचे, किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे. सरनोबत सर तेव्हा मुख्याध्यापक होते, कडक माणूस, मुलं त्यांच्या दारात जायला घाबरायची. म्हणजे खोटं पकडलं जायची भीती नाही. आठवीपर्यंत ती विचारत राहिली आणि मी तेच सांगत राहिले. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

मग तिनं विचारणं सोडलं. मला बरं वाटलं.

पुढे मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. शमीमचं लग्न बावड्यातच झालं, तिनं लेडीज टेलरिंगचं दुकान काढलं, बचत गट उभा केला. आणि २००६ मध्ये ती माझ्या दारात उभी. गटाच्या बायकांनी समाजमंदिराशेजारच्या दोन खोल्या मिळवल्या होत्या, घरोघरी फिरून पुस्तकं जमवली होती. वाचनालय काढायचं आणि उद्घाटनाचं भाषण मी करायचं. "वाचनाची गोडी लागंल असं बोला बाई. तुम्हीच पायजे."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काय कारण सांगणार होते?

भाषण मी नीट तयार केलं. असल्या कार्यक्रमात पाहुण्याला पंधरा मिनिटं म्हणतात आणि हातात पडतात सात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मुद्दे कमी ठेवले. थोरांची वचनं नाहीत, वाचनाचा महिमा नाही. महिमा ऐकून कुणी वाचायला लागलेलं मी पाहिलेलं नाही. उद्यापासून घरी काय करायचं, एवढंच.

आदल्या दिवशी खोल्या बघायला गेले. मुलांची पुस्तकं सगळ्यांत वर, थोरामोठ्यांची चरित्रं खाली. मी ती उलटी लावायला सांगितली. मुलाचा हात पोचेल तिथे मुलाचं पुस्तक हवं. पेपरचा स्टँड दारापाशी उजेडात आणला, म्हणजे रस्त्यावरचा माणूस आधी पेपरला येईल आणि मग आत वळेल. कपाटांना दारंच नव्हती, नुसत्या उघड्या फळ्या. मी शमीमला विचारलं, दारं कुठायत? ती म्हणाली, "दारं बसवायचीच न्हाईत. शाळंतल्या कपाटापास्नंच शिकले की."

मला त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

कार्यक्रम कोल्हापुरात होतो तसाच झाला. फोटोला हार, समई, पाहुण्यांना फेटे. मलाही फेटा. नगरसेवक बोलायला उभे राहिले ते गटारांपासून सुरू झाले आणि माझ्या पंधरातली आठ मिनिटं घेऊन बसले. पहिल्या रांगेत सरनोबत सर होते. सत्तरी ओलांडलेले, हातात काठी, डोक्याला फेटा. त्यांना कुणी बोलावलं मला माहीत नव्हतं.

मग शमीम माझी ओळख करून द्यायला उठली. तिला लिहून वाचायची सवय नाही. माईक धरला आणि सुरू झाली.

"आमच्या बाई पुस्तकं द्यायला तयार हुत्या. पर किल्ली हुती सरांकडं! सर, राग धरू नका बरं का, तुमच्या त्या किल्लीपायी मी दोन वर्सं निस्ती काचेतनं पुस्तकं बघितली. तवाच ठरवलंतं, कवातरी असलं वाचनालय काढीन, जिथं कपाटाला दारच नसंल!"

मांडव हसला, टाळ्या पडल्या. सरांनी फेटा जरा सारखा केला आणि काठीच्या मुठीकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. किल्ली कधीच त्यांच्याकडे नव्हती, हे त्या मांडवात दोघांनाच माहीत होतं.

आणि मला बोलायला बोलावलं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी सांगते, मला काय वाटलं. भाषण करून टाकावं असं वाटलं. सात मिनिटं, मग चहा. म्हातारा माणूस, पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पण माझा पहिला मुद्दाच असा होता की पोरांना वाच म्हणू नका, त्यांच्यासमोर तुम्ही वाचत बसा. म्हणजे सांगू नका, करून दाखवा. हे वाक्य त्या माणसासमोर कुठल्या तोंडानं म्हणणार?

मी म्हटलं, "किल्ली सरांकडे नव्हती. माझ्या पर्समध्ये होती."

कुठेतरी मोबाईल वाजत होता, तो कुणीतरी बंद केला. मी पुढे बोलले. मोजणीची भीती सांगितली, पुस्तक गेलं तर आपल्या अंगावर येईल ही भीती. सरांचं नाव खोटं वापरलं हे सांगितलं. त्यांच्याकडे बघून म्हटलं, सर, चूक माझी होती.

सरांनी काठी आपटली. "सापडली म्हणायची की किल्ली, एवढ्या वर्सांनी!"

काय हशा उठला! आणि त्या हशातच मी माझं भाषण केलं, मुद्द्यांचा कागद न बघता. पाच पानं वाचा, म्हटलं, रोज, ठरलेल्या वेळी. संध्याकाळी मालिका सुरू व्हायच्या आधी. पन्नास पानं ठरवाल तर दोन दिवसांत सोडाल. आवडलं नाही तर अर्ध्यावर परत आणा, इथे परीक्षा नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नातवंडाला मांडीशी घेऊन वाचून घ्या, तेही वाचनच. ऊस, आजार, भानगडी, ज्याची आवड असेल तिथून सुरू करा. चांगलं पुस्तक कुठलं ते मागनं कळतं. आणि पुस्तक फाटेल, तेलाचे डाग पडतील, एखादं परत येणार नाही. होऊ दे. हरवलेलं पुस्तक कुणाच्यातरी घरात असतं. माझी तीन कपाटं भरलेली होती आणि एकाही घरात काही नव्हतं.

सात मिनिटांत बसले. टाळ्या थांबेनात. नगरसेवकसुद्धा उभे राहिले. फीत कापली आणि लोक आत घुसले, अक्षरशः घुसले. बायका पदर सावरत फळ्यांपाशी, पोरं खालच्या फळीपुढे मांडी घालून. साखर कारखान्यातला एक फिटर ट्रॅक्टर दुरुस्तीचं पुस्तक काखेत मारून "नाव लिवा, नाव लिवा" करत होता. चहा तसाच निवला. रात्री फळ्यांवर मोठमोठ्या फटी पडल्या होत्या. त्या फटींइतकं देखणं मी शाळेत काही पाहिलं नव्हतं.

शमीमनं मला माईकवरच दंड सुनावला. "बाईनी रोज सकाळी वाचनालय उघडायचं. सुट्टी न्हाई!" पुन्हा हशा. सगळं माफ.

पण निम्मं राहिलं होतं, ते हे. मी पुस्तकं सगळ्यांनाच नाकारत नव्हते. डॉक्टरांच्या मुलीला द्यायचे. आमच्या गल्लीतल्या दोघा-तिघांना द्यायचे. मधली सुट्टी संपली की हळूच कपाट उघडून, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांची घरं मला ठाऊक होती, आमच्यासारखी. शमीमचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. तरी माझ्या मनात पक्कं होतं, बागवान गल्ली, फळांचा गाडा, तिथे पुस्तक राहायचं नाही. मोजणीची भीती खरी होती. पण ती फक्त काही मुलांच्या बाबतीतच वाटायची. भाषणात मी भीती सांगितली. निवड सांगितली नाही. ती ऐकून मांडव हसला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी शमीमच्या दुकानात गेले. ती ब्लाऊज कापत होती. उभ्यानंच सांगितलं, डॉक्टरांच्या मुलीसकट. तिची कात्री थांबली.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "माझं मागायचंच चुकतंय. म्हणून रोज येगळ्या तऱ्हेनं मागत हुते."

तिनं कापड पुन्हा ओढून घेतलं. मी जाऊन वाचनालय उघडलं.