शेपटी दाखव आधी

मार्च लागला की चिखलीत पहाटेचा गारवा नदीवरनं येतो आणि सूर्य वर आला की निघून जातो. कुदळवाडीकडनं जळक्या प्लॅस्टिकचा वास वाऱ्यावर असतोच. अशा वेळी मंजुषाताई पदर खोचून पिंजरे धूत असतात. मांजरांची नसबंदी करणारी एक संस्था आहे, पत्र्याच्या शेडमध्ये तिचं केंद्र, आणि ताई तिथल्या सगळ्या आवकजावकीच्या मालकीण. पिंजऱ्याखालचे ट्रे बाहेर काढायचे, घाणीचे कागद गोळा करायचे, साबणाच्या पाण्यानं घासायचं. फिनेलला हात लावायचा नाही. नव्या पोरीनं एकदा हौसेनं फिनेल ओतलं तेव्हा ताईंनी तिला उभ्यानं सोलली होती. फिनेल मांजराला विष.

ताई चिखलीच्याच. सासरची शेती होती, आता तिच्यावर वर्कशॉपं उभी आहेत. आधी बरीच वर्षं त्या चाकणला एका कंपनीत रबरी वायसरं तपासायच्या. पट्ट्यावरनं माल सरकत यायचा, खोट असलेला नग उचलायचा. ती नजर हाडात मुरली. मांजराकडं त्या तशाच बघतात. गोड आहे, गरीब आहे, डोळे घारे आहेत, यातलं काही नाही. शेपटी, मग पाय, मग अंगावरची नक्षी.

हे बघणं कामाचं असतं. पकडणारी मंडळी पिंजरा लावतात, मांजर सापडलं की गाडीत चढवायच्या आधी फोटो ताईंना पाठवतात. रानातलं मांजर चुकून ऑपरेशनच्या टेबलावर गेलं, तर कायद्याचं सोडाच, त्या जिवाचं वाटोळं होतं. हिंजवडीच्या एका सोसायटीत मागं हाकाटी झाली होती, पार्किंगमध्ये बिबट्याचं पिल्लू शिरलं म्हणून. कुणी म्हणालं, पिल्लू न्हवं, बिबट मांजर हाय. फोटोत अंगभर ठिपके, खरंच रुबाबदार. ताईंनी त्याचा पाठमोरा फोटो मागवला. बिबट मांजर हे रानातलं, घरच्या मांजराएवढं; त्याच्या काळ्या कानामागं पांढरा टिकला असतो, ठसठशीत. कपाळावरनं मानेकडं काळ्या रेघा आणि नाकाच्या दोन्ही अंगाला पांढरे पट्टे जातात. या साहेबांच्या कानामागं टिकला नाही, पोट सुटलेलं, आणि फोटोत ते लिफ्टच्या दारासमोर लिफ्टची वाट बघत बसलेलं. ताईंनी लिहिलं, कुणाचं तरी पाळलेलं हाय, मालक शोधा. आठव्या मजल्यावरची करिष्मा नावाची पोरगी रडत खाली आली. परदेशी जातीचं मांजर होतं तिचं, ठिपक्यांसाठी मुद्दाम संकर करून काढलेलं.

तर अशाच एका सकाळी ट्रे घासता घासता ज्योतीरामचे फोटो आले. ज्योतीराम लातूरकडचा, गाडी चालवतो आणि पिंजरेही लावतो. महाळुंग्याच्या एका कंपनीत त्यानं रात्री पिंजरे ठेवले होते. उद्या तिथं गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला येणार होती आणि कॅन्टीनच्या मागं मांजरांनी उच्छाद मांडला होता. दोन मांजरं घावली होती.

दोन्ही फोटो कानाचे. ज्योतीरामची ती सवय. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं असतं, म्हणजे तेच मांजर पुन्हा धरलं जात नाही. त्यामुळं या धंद्यातला माणूस आधी कान बघतो, कानाचाच फोटो काढतो, आणि बाकीचं मांजर चौकटीबाहेर राहतं. पहिलं पट्ट्यापट्ट्यांचं, कान अख्खा. दुसरं वाळूच्या रंगाचं, कान अख्खा, पण टोकाला काळ्या केसांचा बारीक झुपका.

ताईंनी हात पुसले. झुपका काही घरच्या मांजरांनाही येतो, तेवढ्यावर निकाल देता येत नाही. त्यांनी फोन लावला.

"ज्योतीराम, कान नको दाखवू मला. शेपटी दाखव आधी."

"ताई, ते पार मुटकुळं करून बसलंय बघा. शेपटी बुडाखाली. पायावर पट्टे हायेत की, गल्लीतलंच हाय. मी गाडी लावायलोय."

पायावरचे पट्टे घरच्या आणि रानातल्या, दोन्ही मांजरांना असतात. ताईंनी त्याला सांगितलं, त्या पिंजऱ्याला लांबडा रिकामा पिंजरा दाराला दार लावून जोड, रिकाम्याच्या पलीकडल्या टोकावर चादर टाक, मधली दारं उचल आणि बाजूनं व्हिडिओ काढ. घाबरलेलं मांजर अंधाराकडं जातं. जाताना चालावं लागतं, आणि चालताना शेपटी लपवता येत नाही.

थोड्या वेळानं व्हिडिओ आला. ताईंनी तो मधेच थांबवला. पाय उंच, जणू दुसऱ्याचे लावलेत. अंगावर ठिपका नाही, पाठ साधी मातकट, पायावर तेवढ्या पुसट रेघा. आणि शेपटी आखूड, मागचा पाय जिथं मागं मोडतो तिथंच संपलेली, शेवटाला काळी कडी आणि काळं टोक. घरच्या मांजराची शेपटी खाली सोडली तर जवळजवळ जमिनीला टेकते. हे रानमांजर होतं. जुनी माणसं याला बाऊल म्हणतात, उसात, गवतात, विहिरीच्या कडेला राहणारं. पण ताईंची नजर अडली ती दुसऱ्याच गोष्टीवर. पोटाखालचे आचळ ओघळलेले, भोवतीचे केस झडलेले. कुठंतरी पिल्लं दूध मागत होती.

त्यांनी डॉक्टर तनुजांना उठवलं. केंद्रातल्या ऑपरेशनची जबाबदारी त्यांची. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि तिथनंच वनरक्षकाला फोन लावला. उत्तर एकच आलं. होती तिथंच सोडा, आणि उशीर नको. वनरक्षक मावळात वणव्यावर होता, म्हणाला फोटो पाठवत राहा. ताईंनी स्कूटर काढली आणि मोईच्या पुलावरनं महाळुंगे गाठलं.

गेटवर लक्ष्मणराव उभे. सिक्युरिटीचे सुपरवायझर, महाळुंग्याच्या जुन्या घरातले, मिशीला पीळ. मांजर सोडायचं म्हटल्यावर त्यांनी चक्क मान फिरवली. उद्या पाहुणे येणार, कॅन्टीनमध्ये मांजर फिरकलं तर पहिली खरडपट्टी त्यांचीच. मॅनेजरला शब्द दिलेला. आणि वर ते म्हणाले, हे साधं मांजर न्हाईच, मासेमार मांजर हाय. सांडपाण्याच्या टाकीतले गप्पी मासे मारतं, कॅन्टीनच्या माशाची डोकी पळवतं. भाच्यानं मोबाईलवर तसलं मांजर दाखवलेलं. पेपरवाल्याला सांगून झालेलं होतं.

"म्हंजी लक्ष्मणराव, उद्या कोंबडी खाल्ली तर कोंबडीमार म्हणायचं का?"

ज्योतीराम हसला. लक्ष्मणराव नाही हसले. मग ताईंनी मोबाईलवर सावकाश समजावलं. मासेमार मांजर म्हणजे पैलवान. बुटके पाय, आडवं अंग, घरच्या मांजराच्या दुप्पट. करड्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी, कान लहान गोल, मागं पांढरा डाग. शेपटी त्याचीही आखूडच, म्हणून नुस्त्या शेपटीवर जाऊन चालत नाही, अंग बघावं लागतं. ते राहतं दलदलीत, खाडीला, आपल्या मुलखात कुणी बघितलेलं नाही. हे तर उंचाड्या पायाचं, बिनठिपक्याचं. लक्ष्मणरावांनी पिंजऱ्यात डोकावलं. आतनं फुत्कार आला.

"बरं, न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "पण मग भीमाशंकरला न्या. जंगलातलं जंगलात. माझ्या आवारात न्हाई."

इथं ताईंना पहिल्यांदा शब्द जपून वापरावा लागला. माणूस वाईट नव्हता, पण नोकरीला भ्यालेला होता. नुसतं पिल्लांचं सांगून भागणार नव्हतं, आणि पिल्लं आवारात असली तर भिंतीबाहेर सोडूनही उपयोग नव्हता. त्या म्हणाल्या, चला, तुमचा कॅमेरा बघू. कुठनं येतं आणि कुठं जातं, तेवढं बघू.

सिक्युरिटीच्या केबिनमध्ये तिघं पडद्यासमोर बसली. रात्रीच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाही. पट्टेवालं आणि मातकट, दोन्ही राखेसारखी पांढुरकी. म्हणूनच सगळ्या पाळ्यांचे वॉचमन रोज एकच मांजर बघत आले होते. ताईंनी रंगाचा विचारच सोडला. कॅन्टीनच्या कचऱ्याच्या डब्यावर मांजर चढलं तेव्हा त्यांनी चित्र थांबवायला लावलं. लांब, बारीक होत गेलेली शेपटी, पाय बेताचे. मग लाकडी पॅलेट रचलेल्या बाजूचा कॅमेरा. तिथनं दुसरं चाललेलं, उंच टांगांचं, आखूड शेपटी खाली सोडून, तोंडात उंदीर. ते सरळ गटाराच्या तोंडातनं भिंतीपलीकडं गेलं, मोकळ्या प्लॉटच्या गवतात.

ताईंनी आदल्या रात्री पण बघायला लावल्या. डब्यावर दर वेळी लांब शेपटी. उंदरामागं दर वेळी आखूड. टाकीच्या काठावर बसून गप्पी मारणारी शेपटीही लांबच होती.

लक्ष्मणराव खुर्चीत मागं रेलले.

"म्हंजी मासेचोर ते पट्टेवालं."

"ते ज्योतीरामच्या गाडीत हाय. आमी नेतोय. हे बिचारं तुमचे उंदीर मारत होतं, तेबी फुकट. वायरी कुरतडल्या म्हणून मागं बोंब झालती ना तुमच्यात?"

"झालती की."

"मग? त्याचं घर तिकडं गवतात हाय. तिकडनंच सोडते. तुमच्या गेटात पाय ठेवू देत न्हाई. तुमी फक्त डब्याला झाकण लावा आणि पिल्लं मोठी होईस्तोवर गटाराचं तोंड बुजवू नका."

झाकणाचं लक्ष्मणरावांना पटलं. गटाराच्या तोंडाचं त्यांनी आधी मॅनेजरला विचारलं, लांब जाऊन, फोनवर हात धरून. परत आले ते मिशीतल्या मिशीत हसत. म्हणाले, उंदरांचं सांगितलं, साहेब लगेच हो म्हणाला.

पिंजरा चादरीखाली झाकून ज्योतीरामनं भिंतीबाहेर नेला. ऊन तापलं होतं, गवत वाळून कोळपलेलं, मधे वेड्या बाभळी. गटाराच्या तोंडापाशी, सावलीत, दार गवताकडं करून ठेवला. पिल्लं हुडकायला कुणी जायचं नाही, हे ताईंनी ज्योतीरामला आणि सोबत आलेल्या लक्ष्मणरावांना बजावलं. माणसाच्या पावलानं आई जागा बदलते. मग त्यांनी मागनं हात लांब करून दार उचललं.

मांजर लगेच बाहेर आलं नाही. तसंच दबून राहिलं. ज्योतीरामला पिंजरा हलवायचा मोह झाला, ताईंनी त्याचं मनगट धरलं. मग एकदम ते निघालं, पळालं नाही, लांब ढांगा टाकत गेलं आणि गवतानं ते गिळून टाकलं.

दुपारी केंद्रात पट्टेवालं बेशुद्धीतनं उठत होतं, कानाचं टोक कापलेलं. डॉक्टर तनुजांनी चहा पाठवला होता. तेवढ्यात लक्ष्मणरावांचा फोटो आला, भिंतीवरच्या कॅमेऱ्यातला. गवताच्या कडेनं एक मांजर चाललेलं, तोंडात मान धरून लोंबतं पिल्लू. पिल्लाच्या अंगावर पट्टेच पट्टे, कुठल्याही गल्लीतल्या पिल्लासारखे. खाली लक्ष्मणरावांनी लिहिलं होतं, ताई, पिल्लू तर घरच्या मांजराचं दिसतंय, घोटाळा झाला का?

ताईंनी बोटांनी चित्र मोठं केलं. आईचे पाय बघितले, शेपटी बघितली, काळं टोक बघितलं. मग बोलूनच निरोप पाठवला, कारण हात ओले होते. "घोटाळा न्हाई. बाऊलाची पिल्लं लहानपणी अशीच पट्ट्याची असतात, मोठी झाली की पट्टे पुसतात. जागा बदलतीय ती. आजचा दिवस तिकडं कुणाला धाडू नका."

नव्या पोरीनं विचारलं, काय झालं. काही नाही, ताई म्हणाल्या, आणि महाळुंग्याहून आलेला पिंजरा पुढ्यात ओढला. ट्रेवर दुधाळ ओल होती, मातकट केस चिकटले होते. त्यांनी केस कागदानं टिपून घेतले, साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवला आणि कोपऱ्यापासून घासायला लागल्या.