मुका पडलेला वाफा

भिंगवाल्या ताईंविषयी खतवाल्याला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. त्या एकट्या राहत, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घराबाहेर पडत नसत आणि चहात साखर घेत नसत. बस्स. माहेर कुठलं, आधी नोकरी कसली केली, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं राहूनच गेलं. त्या गेल्यावरही कुंडीवाल्यांच्या ग्रुपवर कितीतरी दिवस ओल्या मातीचे फोटो येत राहिले. ‘ताई, हा कसला किडा?’ असं कुणीतरी विचारायचं आणि खाली उत्तर नसायचं.

तो ग्रुप म्हणजे गच्चीत, गॅलरीत झाडं लावणाऱ्या हौशी मंडळींचा. गांडूळखत विकणारा म्हणून खतवाल्याला त्यात घेतलेलं. मातीत काही वळवळलं की लोक घाबरून फोटो टाकत आणि ताई उत्तर देत. अंगावर वळी आहेत, गळ्याशी फिकट पट्टा आहे, म्हणजे गांडूळ. राहू द्या, तो तुमचाच नोकर आहे. दोन्ही टोकांना चिकटतो, कमान करून चालतो, तर जळू. हात लावू नका, पण झाडाला तिचा त्रास नाही. काळ्या वायरीसारखा गुंता दिसला तर तो नाकतोड्याच्या नाहीतर झुरळाच्या पोटातून बाहेर पडलेला जंत. माणसाला काही करत नाही. पांढरे बारीक धागे असले तर कचरा आंबलाय, कोरडा पाला मिसळा. पांढऱ्या अळीचं डोकं काळं असलं तर मात्र ती माशीची अळी, कोवळी मुळं खाते.

“आणि मुळांना गाठी आल्या असतील तर फोटो काढू नका,” त्या लिहीत. “तो जंत फोटोत दिसतच नाही.”

खतवाल्याच्या बायकोला याची गंमत वाटे. “त्या बाईला रोज किडे पाठवता. मला लग्नापासून एक फोटो पाठवला नाहीत!”

“तू किडा आहेस का?”

“तेवढं बोलून घ्या.”

एकदा खताची गोणी पोचवायला तो ताईंच्या घरी गेला. तळमजल्यावरची खोली, पडदे ओढलेले. ताई खुर्चीत बसलेल्या, हातात मोठं भिंग, आणि समोरच्या टीव्हीवर माणसाच्या हाताएवढं लांब एक गांडूळ. त्याच्या उजेडाने ताईंचा चेहरा ओलसर गुलाबी दिसत होता. फोनमधलं डोळ्यांना झेपत नाही म्हणून भाच्याने फोटो टीव्हीवर दिसायची सोय करून दिली होती. गेली कित्येक वर्षं त्यांनी माती अशी हातात घेतलीच नव्हती. खोलीत बाकी आवाज नव्हता. निघताना त्यांनी हट्टाने मागच्या अंगणातली एक कुंडी त्याला न्यायला लावली. “मला वाकता येत नाही, तिथे उगाच मरून जाईल.” त्याने ती आणून आपल्या गांडूळखताच्या शेवटच्या वाफ्याशेजारी सावलीत ठेवली.

खतवाल्याचे आठ वाफे होते आणि त्या आठांवर घर चालत होतं. गांडुळांचा वाफा जिवंत असला की त्याला आवाज असतो. वरची ओली गोणी उचलली की खाली सळसळ होते, कुणीतरी ओठ चाटल्यासारखी. पुढे पावसाळ्यात एका सकाळी त्याने शेवटच्या वाफ्याची गोणी उचलली आणि काहीच ऐकू आलं नाही. त्याने कान खाली नेला. वाफा मुका होता.

खुरपीने खत उकरलं. एक गांडूळ नाही. कोपऱ्यात लांब, बारीक, चकचकीत असं काहीतरी पसरलं होतं, पाठीवर गडद रेघा. जळू असेल म्हणून त्याने खुरपीने सटासट चार तुकडे केले. तुकडे थांबले नाहीत. डोक्याकडचा तुकडा तर काही झालंच नाही अशा थाटात गोणीखाली निघाला.  खतवाल्याने फोटो काढून ताईंना पाठवला.

ताईंचा लगेच फोन आला. “याच्या अंगाला वळी आहेत का?”

“नाहीत. गुळगुळीत आहे. फितीसारखा चपटा.”

“डोकं?”

“पसरट. छोट्या फावड्यासारखं.”

“चपटा कृमी आहे तो. गांडुळं खातो. अंगावर पसरतो आणि जिवंत विरघळवून पितो. खतवाले, त्याला कापू नका हं.”

खतवाल्याने हातातल्या खुरपीकडे पाहिलं.

“कापलात?”

“चार तुकडे.”

“म्हणजे आता चार झाले,” ताई म्हणाल्या. “उघड्या हाताने धरू नका, थोडं विष असतं त्यात. चिमट्याने पिशवीत टाका, वर मीठ ओता. कुत्र्या-मांजराला तोंड लावू देऊ नका. त्या वाफ्यातलं खत कुणाला विकायचं नाही. प्लास्टिकमध्ये बांधून कडक उन्हात तापवा. आणि बाकीचे सात बघा.”

सात वाफे सळसळत होते. पण एका रोपवाटिकेला द्यायच्या गोण्या मुक्या वाफ्यातल्याच होत्या. त्या त्याने टेम्पोतून उतरवून घेतल्या आणि रोपवाटिकेच्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या. आता प्रश्न एकच होता. हा आला कुठून? ते कळलं नाही, तर आज एक गेला तसे उद्या सातही जाणार. बाहेरून आत आलेली वस्तू एकच होती. त्याने कुंडी उचलली. तळाच्या भोकापाशी वेटोळं घालून एकजण बसला होता.

हे फोनवर सांगायला त्याची जीभ रेटेना. तो सरळ ताईंकडे गेला. “मागचं अंगण जरा बघतो,” एवढंच बोलला.

“बघा की. फोटो पाठवा, मी इथून बघते.”

अंगणात शेवाळ, ओल, आणि गांडुळं माती वर टाकतात तिची एकही ढेकळी नाही. त्याने एक वीट उलटली. खाली तीन. फळी उलटली, ओल्या कापडाखालच्या शेवयांसारखा गुंता. कुंडीमागून कुंडी, प्रत्येकीखाली तेच. त्याने एक फोटो पाठवला. उघड्या खिडकीतून आतली भिंत दिसत होती. तिच्यावर टीव्हीचा उजेड हलला.

“बाई गं,” आतून ताई म्हणाल्या. “केवढे आहेत! ही कुणाची माती? त्यांना सांगा, संपली म्हणावं ती जागा.”

खतवाला खिडकीशी उभा राहिला. “ताई, तुमचीच.”

 आतून भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“वर्षभर सगळ्यांची बघतेय,” त्या म्हणाल्या. “दाराच्या पलीकडे हे.”

“तुम्हाला कुठे वाकता येतं?”

“तुम्हाला कुंडी मीच दिली.”

“मीही तळ न बघता नेली.”

ताई हसल्या, पण ते हसणं पुरं झालं नाही. मग त्यांनी आतूनच सांगितलं तसं त्याने केलं. ओल्या गोण्या जमिनीवर अंथरल्या. दिवसा त्यांच्याखाली लपायला येतात, मग गोळा करायचे, मीठ घालायचं. कुंडी एकही हलवायची नाही, कुणाला द्यायची नाही. आठवड्याने पुन्हा येऊन गोण्या उलटायचं ठरलं. तो आला तेव्हा दार भाच्याने उघडलं; ताई गेल्या होत्या.

आठवड्यापूर्वी, गोण्या अंथरून तो निघाला त्या दिवशी मात्र ताई काठी टेकत खिडकीपर्यंत आल्या होत्या. खतवाला अंगणातल्या नळाशी उभा होता; इथली माती वाफ्यांपर्यंत जाऊ द्यायची नव्हती.

“खतवाले, चपला धुतल्यात?”

“धुतल्या.”

“तळवे?”

“तळवेसुद्धा, ताई.”

“बरं. मग जा.”