पाखरू आलं गं

भवानी पेठेतली माझी शेजारीण बोलताना दर वाक्याला ‘की’ जोडायची. दुष्काळाच्या साली तिचं पहिलं मूल गेलं. त्याला ती आपल्या आईची अंगाई गायची, ‘पाखरू उडालं, घरटं रितं’. दुसरं बाळही त्याच चालीवर निजायचं.

“शब्द खरं होत्यात की, अक्का,” ती घाबरून म्हणाली.

बोटांवर अक्षरं मोजत तिनं ‘उडालं’च्या जागी ‘परतलं’ घातलं. एक अक्षर वाढलं, चाल अडखळली. तीन अक्षरांचं ‘आलं गं’ मात्र बसलं आणि ‘रितं’च्या जागी ‘नवं’.

एका दुपारी बाळ तापानं फणफणलं. गाताना तिच्या तोंडून ‘उडालं’ निसटलं. झोळी थांबवून तिनं बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता.

“तुमी म्हणा की. माझ्या तोंडाचा भरवसा न्हाय की.”

ताप उतरेपर्यंत मी गात राहिले. दर ‘पाखरू’नंतर ती माझ्या ओठांकडे बघत श्वास रोखायची.