काठाला बांधलेला दोरा

सुरतेतल्या डिंडोलीच्या उखा महाल्यांची मयुरी म्हणजे घरातली सगळ्यात हळू बोलणारी बाई. बाकीचे सगळे ओरडूनच बोलतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. उखाबापूंची बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं. ज्याला ऐकू कमी येतं त्याच्याशी अख्खं घर ओरडून बोलायला शिकतं, आणि मग शेजारीही शिकतात. मयुरी मात्र बापाच्या कानाजवळ जाऊन एकच वाक्य नीट सांगते. तिला दोनदा सांगायचा कंटाळा येतो, असं तिची आई सरलाबाई म्हणते.

लूमवर डोळे आणि कान दोन्ही थकले तेव्हा बापूंना शेठने कापड तपासायला बसवलं. दिव्याच्या पेटीवरून कापडाचा ताका पुढे सरकतो आणि तपासणारा बघत राहतो: कुठे धागा तुटलाय, कुठे आडवी रेघ आलीय, कुठे तेलाचा डाग पडलाय. दोष दिसला की त्याच्या समोर, कापडाच्या काठाला, लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधायचा. पुढे घडी घालणाऱ्याला, रंगवणाऱ्याला, विकणाऱ्याला तो दोरा सगळं सांगतो. मयुरी लहानपणी शाळेतून तिथे जायची आणि बापूंना दोऱ्याचे तुकडे कापून द्यायची. बापूंनी तिला फारसं काही शिकवलं नाही. एवढं मात्र रोज ऐकवलं, की दोष झाकून पाठवलेला माल परत येतो, आणि दोरा बांधून पाठवलेला माल माणूस समजून घेतो.

ती आता सत्तावीस वर्षांची आहे. पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये ती रंगाच्या छटा जुळवते. नमुन्याच्या कापडाचा तुकडा आला की छोट्या भांड्यात रंग बनवून तशीच छटा काढायची, हे तिचं काम. सहा वर्षं तिने हे काम मनापासून केलं. पण या वर्षी तिच्या मनाने घेतलं की रंगाचं रसायनशास्त्र पुढे शिकायचं, एम.एस्सी. करायची. एक अर्ज इथल्या संस्थेत, एक परदेशातल्या. इथल्या संस्थेची मुदत तीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. परदेशातल्या संस्थेची पंधरा डिसेंबर. दोन्हीकडे हवं होतं पदवीच्या काळातल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र, आणि तेही उमेदवाराच्या हाती न देता प्राध्यापकांनी स्वतः अपलोड केलेलं. अर्जात प्राध्यापकाचा कॉलेजचा ईमेल लिहिला की संस्था त्यांना परस्पर लिंक पाठवते. पत्र आलं नाही तर अर्ज अपूर्ण, आणि अपूर्ण अर्ज कोणी उघडूनही बघत नाही.

मयुरीच्या मनात एकच नाव होतं. वशी सर. कॉलेजात सर भौतिक रसायन शिकवायचे आणि प्रॅक्टिकलला नळ, काच, ब्युरेट यांवरून सगळ्यांना छळायचे. इतर सर सरळ म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." सुरतेत काय, बहुतेक ठिकाणी काय, हीच रीत. वशी सर मात्र विद्यार्थ्याने लिहिलेल्या कागदावर सही करत नाहीत, अशी त्यांची ख्याती. ते स्वतः लिहितात, आणि ज्याची आठवण असेल त्याच्याचसाठी लिहितात. एकशेवीस मुलांच्या वर्गात मयुरी मागच्या बाकावर बसायची आणि हळू बोलायची. म्हणजे आठवणीचा प्रश्नच होता.

मिलमधल्या तिच्या शेजारच्या टेबलावर स्वाती बसते. स्वातीला सगळ्यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "अगं, चांगले मार्क वर लिही, भारी विशेषणं घाल. एटीकेटीचं नावही काढू नकोस."

मयुरी रविवारी दुपारी बसली. जेवणं झालेली, बापू अंगणात खुर्चीत. मोबाईलवर लिहून इंग्रजी नीट जमत नाही म्हणून तिने मिलच्या साहेबांचा जुना लॅपटॉप मागून आणला होता. विषयाच्या ओळीत तिने लिहिलं: शिफारसपत्रासाठी विनंती, मयुरी महाले, बी.एस्सी. रसायन २०१९, पहिली मुदत तीस नोव्हेंबर. मग मजकूर: आधी तिचा रोल नंबर आणि प्रॅक्टिकलची तुकडी. मग सरांकडे शिकलेले विषय आणि त्यांतले गुण. मग सहा वर्षांचं मिलमधलं काम. मग दोन्ही संस्थांची नावं आणि मुदती, आणि पत्र त्यांनी नेमकं कुठे द्यायचं ते. शेवटी, वेळ नसेल तर निःसंकोच नाही म्हणावं, आणि होकार आल्याशिवाय त्यांचं नाव अर्जात भरणार नाही, हेही. सोबत गुणपत्रिका आणि स्वतःची माहिती जोडली. चांगला, शिस्तीतला ईमेल होता. पाठवून टाकावा असा.

"काय लिखी राहिनी बेटी?" बापूंनी अहिराणीत विचारलं.

ती त्यांच्या कानाशी गेली. "सरले पत्र. मन्हं चांगलं चांगलं लिखेल शे."

"आणि खराब?"

बापू एवढंच म्हणाले आणि परत डोळे मिटून बसले. पण मयुरीचा पुढचा अर्धा तास फुकट गेला. पत्रातलं सगळं खरं होतं, तरी कापडाच्या काठाला एकही दोरा नव्हता. मग तिने मध्ये एक परिच्छेद घातला. तिसऱ्या सेमिस्टरला भौतिक रसायनात मी नापास झाले, एटीकेटी लागली, पुढच्या वेळी जेमतेम पास झाले. त्या महिन्यांत आई दवाखान्यात होती, हजेरी कमी पडली. आणि त्याच वर्षी टायट्रेशनचं एक रीडिंग मी न घेताच वहीत लिहिलं होतं. तुम्ही ते पकडलंत आणि सगळं पुन्हा करायला लावलंत. मला वाटतं तुम्हाला ते आठवत असेल, म्हणून लिहिते. सोमवारी सकाळी, मिलला निघताना, तिने पाठव दाबलं. तारीख होती तीन नोव्हेंबर.

स्वातीने तो ईमेल वाचला तेव्हा तिने डोक्याला हात लावला. "वेडी आहेस का? शिफारस मागतेस की कबुलीजबाब देतेस?"

आठवडाभर काहीच उत्तर नाही. मयुरीने वाट पाहिली. छटा जुळवताना तिचं लक्ष लागेना, एका निळ्यात तिने लाल जास्त टाकला. दहाव्या दिवशी तिने एक नम्र आठवण पाठवली, दोन ओळींची. त्याच संध्याकाळी उत्तर आलं, एका ओळीचं: शुक्रवारी साडेतीनला लॅबमध्ये ये. असेल तर प्रॅक्टिकलची वही आण.

वही होती. सरलाबाईंनी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेली. आईला त्यातलं अक्षर कळत नाही, पण सरकारी कागद आणि पोरीच्या वह्या यांत त्यांच्या मते फरक नाही.

लॅबमध्ये तोच आम्लाचा वास होता. वशी सर म्हातारे वाटले, चष्मा कपाळावर चढवलेला. "बेस, बेटा," म्हणाले, तिच्या हातातली वही घेत स्टुलाकडे बोट दाखवलं, आणि पुढचं सगळं गुजरातीतच. "तुझा ईमेल तीनदा वाचला. खरं सांगू? तू मला आठवतच नव्हतीस."

मयुरीचा चेहरा उतरला.

"आणि ते रीडिंगचं प्रकरण. तेही विसरलो होतो. तू लिहिलं नसतंस तर मला कधी कळलंच नसतं."

म्हणजे तिने आपल्याच हाताने आपला दोष पुढे केला होता, आणि तोही ज्याला तो आठवत नव्हता त्याच्यापुढे. तिला स्वातीचं बोलणं आठवलं. उठून जावं असं वाटलं, पण वही सरांच्या हातात होती.

"मग का लिहिलंस?"

तिने सांगितलं. दिव्याची पेटी, ताका, लाल दोरा, बापू. हळूच, एकेक वाक्य. सर ऐकत होते आणि पानं उलटत होते. एका पानावर त्यांच्याच हस्ताक्षरात लाल शाईने लिहिलेलं होतं: पुन्हा करा. पुढच्या पानावर तीन रीडिंगं, दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक पाच, दहा पूर्णांक तीन. दुसऱ्याच्या शेजारी मयुरीच्या बारीक अक्षरात: नळ उशिरा बंद केला, हे धरू नये.

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "तीस वर्षं वह्या तपासतोय," ते म्हणाले. "सगळ्यांची तिन्ही रीडिंगं सारखी असतात. ब्युरेट हातात न धरताही सारखी. अशी वही हजारात एक."

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही मुदती स्वतःच्या कॅलेंडरवर लिहिल्या. मग म्हणाले, "लिहितो. पण ऐक. तुझी एटीकेटी मी झाकणार नाही. फॉर्ममध्ये विचारतात, ही वर्गात वरच्या पाच टक्क्यांत होती का. मी हो म्हणणार नाही. चालेल?"

मयुरीला भीती होती, पण त्याहून जास्त काहीतरी मोकळं वाटलं. "चालेल, सर."

त्या संध्याकाळी तिने दोन्ही अर्जांत सरांचं नाव आणि कॉलेजचा ईमेल भरला. पत्र आपल्याला बघायचा हक्क सोडते, या चौकटीत खूण केली. पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. अठ्ठावीस तारखेला संस्थेकडून यांत्रिक ईमेल आला: आपल्या संदर्भदात्याचं पत्र मिळालं. तीन डिसेंबरला दुसऱ्या संस्थेकडूनही तसाच. आणि त्याच दिवशी दुपारी सरांचा एक ईमेल.

दोन्ही पत्रं पाठवली, सरांनी लिहिलं होतं. गोपनीय असतात, दाखवता येत नाहीत. पण तुझ्या वडिलांकडून शिकून पत्रांच्या काठाला एक दोरा मीही बांधलाय, तेवढं सांगतो. पहिल्याच ओळीत लिहिलंय की माझ्या वर्गात तीन वर्षं बसलेली ही विद्यार्थिनी मला आठवत नव्हती, आणि तो दोष माझा.

मयुरी मिलमधल्या जिन्यात बसून रडली. स्वातीने विचारलं तर डोळ्यात रंग गेला म्हणाली.

घरी आल्यावर तिने बापूंच्या कानाशी जाऊन ते वाक्य अहिराणीत सांगितलं. बापूंनी ते एकदाच ऐकलं आणि मान हलवत राहिले. शेवटी आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तरनी सोताना दोरा बांधा? मंग माल पास व्हई."

सरलाबाई चहा घेऊन आल्या आणि विचारू लागल्या, कोणता माल.