आठशे त्रेचाळीस

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी एका माजी विद्यार्थ्याने माझ्या पायाला हात लावला. आता त्याचे दादरला स्वतःचे क्लासेस आहेत. म्हणाला, “सर, तुमचं ८४३ मी अजून चालवतो. पोरांचा गोंधळच होत नाही.” बरोबरच्या मंडळींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला मात्र त्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि त्याच्या आधी माझी स्वतःची.

तो आकडा खोटा आहे. तो मी बनवला होता.

परळच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो. बारावीला एक गणित हमखास असायचं. मिथेन, म्हणजे आपल्या पाइपच्या गॅसमधला मुख्य वायू, जळताना किती उष्णता बाहेर पडते? हे दोन तऱ्हांनी काढता येतं. पहिली तऱ्हा बंध एन्थाल्पीची. जुने बंध तोडायला लागलेली ऊर्जा घ्यायची आणि नवे बंध जुळताना सुटलेली ऊर्जा तिच्यातून वजा करायची. पुस्तकातल्या सरासरी किमती घातल्या की तोडायला २६४८ किलोज्यूल लागतात, जुळताना ३३४२ सुटतात आणि उत्तर येतं उणे ६९४. दुसरी तऱ्हा निर्मिती एन्थाल्पीची. तिच्यात प्रत्येक पदार्थ तयार होतानाच्या उष्णतेची मोजलेली किंमत वापरायची. उत्तर येतं उणे ८९०.

दरवर्षी मुलं विचारायची, “सर, नक्की खरं कुठलं?” समजावायला एक अख्खा तास जायचा, आणि परीक्षेत त्या तासाला एक मार्क नसायचा. मी कंटाळलो. एका दुपारी स्टाफरूममध्ये बसून गणित उलटं सोडवलं. पहिल्या तऱ्हेनेही ८९० यायचे असतील तर कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची किंमत किती हवी? ८४३. पुस्तकातली ७४५ मी माझ्या नोट्समधून काढून टाकली आणि तिथे ८४३ लिहिलं. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. नोट्सच्या झेरॉक्स पार गिरगावपर्यंत फिरल्या. मला हुशार म्हणायला लागले लोक.

मग आमच्याकडे तासिकेवर एक मॅडम आल्या. लालबागच्या चाळीत वाढलेल्या, आवाज बारीक, फळ्यावरचं अक्षर सुरेख. जूनमध्ये एक कायम जागा निघणार होती आणि ती त्यांनाच मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. त्या वर्षीचा प्रिलिमचा पेपर त्यांनी काढला. प्रश्नातच ७४५ ही किंमत दिली, दोन्ही तऱ्हांनी उत्तर काढायला सांगितलं, आणि शेवटी विचारलं, फरक का पडतो?

अर्ध्या वर्गाने प्रश्नात छापलेल्या ७४५ कडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाठ केलेलं ८४३ घातलं, दोन्हीकडे ८९० आणलं, आणि शेवटच्या प्रश्नाला लिहिलं, ‘फरक पडत नाही.’ मॅडमनी मार्क कापले.

मार्क कापण्याआधी त्या माझ्याकडे आल्या होत्या, एकट्या. “सर, हे ८४३ कुठल्या पुस्तकात आहे?”

“जुन्या आवृत्तीत असेल.”

“कुठल्या?”

“मॅडम, मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं शिकवतोय,” मी म्हणालो.

पालकांची तक्रार आली. प्राचार्यांनी मीटिंग बोलावली. एक वडील फारच चढले होते. “दोन उत्तरं येतात म्हणजे एक चुकलंच ना? सरळ आहे.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “वर्गाची सरासरी पंचावन्न आहे. म्हणून तुमच्या मुलाला पंचावन्न देऊ?”

मागे कोणीतरी हसलं. मॅडमनी फळ्यावर लिहायला घेतलं. ७४५ ही सरासरी आहे, वेगवेगळ्या रेणूंमधल्या त्या बंधाची. कार्बन डायऑक्साइडमध्ये तोच बंध जास्त घट्ट असतो, साधारण ७९९. एकेका बंधामागे चौपन्न जास्त, आणि असे बंध दोन. झाले एकशे आठ. शिवाय बंधांचा हिशेब धरतो की सगळं वायुरूपात आहे. पण ८९० या उत्तरात पाणी द्रवरूप आहे. वाफेचं पाणी होताना एका मोलमागे चव्वेचाळीस सुटतात, दोन मोलचे अठ्ठ्याऐंशी. सहाशे चौऱ्याण्णवमध्ये एकशे आठ आणि अठ्ठ्याऐंशी मिळवा. आठशे नव्वद. “निर्मितीच्या किमती त्या त्या पदार्थाच्या, त्या त्या अवस्थेत मोजलेल्या असतात. म्हणून त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवायचा. बंधांचं उत्तर हा अंदाज आहे. तो चुकीचा नाही, अंदाज आहे.”

एक किलोज्यूलही इकडेतिकडे राहिला नाही. मी इतकं स्वच्छ कधीच शिकवलं नव्हतं.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही विभागप्रमुख. तुमचं मत काय?”

मी म्हणालो, “मॅडमनी पेपरात दिलेली किंमत चुकीची आहे.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खडू ठेवला, हात झटकले आणि खाली बसल्या. पुस्तक उघडून कोणी पाहिलं नाही. इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, ‘प्रश्नपत्रिकेत सदोष मूल्य दिल्याबद्दल संबंधित शिक्षिकेस समज देण्यात आली.’ त्या प्रश्नाचे सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले. जूनमध्ये ती जागा दुसऱ्या कोणाला दिली. त्यानंतर मी मानाने निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेऊन, आणि इतकी वर्षं गप्प बसलो.

कट्ट्यावरच्या त्या सकाळनंतर मी त्यांचा पत्ता काढला. वडाळ्याच्या एका शाळेत सहावी-सातवीला सामान्य विज्ञान शिकवतात. बारावीचं रसायन त्यांना पुन्हा कधीच मिळालं नाही. जिथे अर्ज केला तिथून आधीच्या कॉलेजात विचारणा व्हायची आणि ती नोंद पुढे यायची.

मधल्या सुट्टीत भेटल्या. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, “सर, माफीचं मी काय करू? रजिस्टरात माझ्या नावावर जे लिहिलंय ते दुरुस्त करून द्या.”

मी कॉलेजात गेलो. आताचे प्राचार्य तरुण आहेत, फार गोड बोलतात. “जुनं रजिस्टर बदलता येत नाही सर. जाऊ द्या ना आता. चहा घेणार?” मी चहा घेतला नाही. चार दिवस रोज जाऊन त्यांच्या दारात बसलो. शेवटी म्हणाले, पत्र द्या, मॅडमच्या फाइलला लावतो, फक्त शब्द जरा सौम्य ठेवा. एक शब्द त्यांनीच सुचवला आणि मी तो घातला. ‘तत्कालीन विभागप्रमुखांकडून गैरसमजातून चुकीचे मत नोंदवले गेले.’ आकडेमोडीसकट पत्र फाइलला लागलं.

त्याची प्रत घेऊन मी वडाळ्याला गेलो. मॅडमनी उभ्याउभ्या वाचली. आकडेमोड बोटाने ओळीओळीने तपासली. एका जागी बोट थांबलं.

“गैरसमज?”

“शब्द प्राचार्यांनी सुचवला,” मी म्हणालो.

“तुम्हाला माहीत होतं सर. मी फळ्यावर लिहीत होते तेव्हा तुम्ही मान डोलवत होतात. मी बघितलं होतं.”

कागद परत माझ्या हातात दिला आणि तास घ्यायला निघून गेल्या.

दुसरं पत्र मी तिथेच, शाळेच्या बाकावर बसून लिहिलं. गैरसमज हा शब्द काढला आणि जाणूनबुजून असं लिहिलं. प्राचार्य म्हणाले, अशा भाषेतलं पत्र कॉलेज स्वीकारू शकत नाही, संस्थेची बदनामी होते. एका बाईची इतकी वर्षं झालेली बदनामी चालते. मी आवाज चढवला तेव्हा शिपायाने मला गेटपर्यंत सोडलं.

म्हणून इथे लिहितो, जिथे मला कोणाची सही लागत नाही. पेपरातली किंमत बरोबर होती. मॅडम बरोबर होत्या. मला ते त्याच क्षणी माहीत होतं, आणि मी जाणूनबुजून खोटं बोललो.